शेपूट हलतंय म्हणून लगेच हात पुढे करू नका

नवीन माणसं हमखास फसतात ती इथेच. शेपूट हलणं म्हणजे कुत्रा आनंदात आहे असं नाही, तो उत्तेजित आहे एवढंच. ते कसं हलतंय ते बघा. पाठीच्या रेषेत, सैल, कमरेसकट डोलत असेल तर स्वारी खुशीत आहे. ताठ उभं, टोकाशी थरथरत असेल आणि अंगही आखडलेलं असेल, तर थांबा. पोटाखाली दाबलेलं शेपूट म्हणजे भीती, आणि घाबरलेला कुत्राही चावतो. शेपटाची ठेवण जातीनुसार बदलते, म्हणून नुसत्या शेपटावर जाऊ नका, सगळं अंग वाचा.

आधी मालकाला विचारा. मग दोन-तीन पावलांवर थांबून अंग थोडं तिरकं करा, डोळ्यांत रोखून बघू नका, हात खाली सैल सोडा. नाकासमोर मूठ धरायची जुनी सवय मला पटत नाही. त्याला वास तसाही लांबून येतो, आणि पुढे आलेला हात त्याला अंगावर आल्यासारखा वाटतो. त्यालाच येऊ द्या.

तो आला, हुंगलं, तरी ती परवानगी नव्हे. तो फक्त तुमची चौकशी करतोय. मान लांब करून हुंगत असेल आणि मागचे पाय मागेच रोवलेले असतील, तर त्याचं मन अजून पळायच्या तयारीत आहे. अशा वेळी हलू नका. अंग सैल सोडून तो टेकला, तर छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद खाजवा आणि हात काढा. पुन्हा जवळ सरकला तरच पुढे. तोंड फिरवलं, ओठ चाटले किंवा जागीच थिजला, तर तिथेच थांबा. डोक्यावरून हात मात्र पहिल्या भेटीत नकोच.