‘उलटा वक्र’, ‘उतरता वक्र’ आणि ‘अपेक्षा’

प्रश्न: वस्तुनिष्ठ प्रश्नांत यील्ड कर्व्हला ‘उलटा’, ‘उतरता’, ‘कुबडदार’ असे शब्द वापरतात. उलटा म्हणजे उलट्या U सारखा का? आणि अपेक्षा सिद्धांताप्रमाणे वक्र उतरता असला तर दर उतरताहेत म्हणायचं की उतरतील? यातली ‘अपेक्षा’ तरी नेमकी कोणाची?

उत्तर:

नाही, उलट्या U सारखा दिसतो तो कुबडदार वक्र. ‘उलटा’ हे विशेषण आकृतीचं नाहीच, क्रमाचं आहे. आडव्या अक्षावर मुदत आणि उभ्या अक्षावर त्या मुदतीच्या रोख्याचा वार्षिक दर मांडला की यील्ड कर्व्ह मिळतो. ही रेषा बहुतेक वेळा डावीकडून उजवीकडे चढते, कारण जास्त मुदतीला जास्त दर हा नेहमीचा क्रम आहे. हा क्रम फिरला, छोट्या मुदतीचा दर वर आणि मोठ्या मुदतीचा खाली गेला, की वक्र उलटा. आपण उलटी गणती म्हणतो तेव्हा आकडे डोक्यावर उभे राहत नाहीत, फक्त मोजण्याची दिशा फिरते. तसाच हा उलटेपणा. काही भाषांतरांत यालाच ‘व्यस्त वक्र’ म्हटलेलं असतं. व्यस्त प्रमाणातल्या ‘व्यस्त’शी नातं जोडलं तर शब्द चूक नाही, पण घाईत वाचणाऱ्याला तो कामात गुंतलेला वक्र वाटतो. मी तरी ‘उलटा’च वापरेन.

‘उतरता’ हा शब्द जास्त फसवा आहे. ‘उतरता रस्ता’ म्हणताना रस्ता जागचा हलत नाही, त्यावरून चालणारा उतरतो. वक्राचंही तेच. तो एकाच दिवसाचं चित्र असतो: आज एक वर्षासाठी पैसे गुंतवले तर काय दर मिळतो, आज दोन वर्षांसाठी गुंतवले तर काय. डावीकडून उजवीकडे जाताना मुदत वाढते, काळ पुढे सरकत नाही. त्यामुळे ‘वक्र उतरता आहे, म्हणजे सध्या व्याजदर घटत आहेत’ हा पर्याय प्रत्येक सिद्धांताखाली चूक ठरतो. आज दर वाढत असतानाही वक्र उतरता असू शकतो. ‘दर घटतील असा बाजाराचा अंदाज आहे’ हे विधान मात्र वेगळं, आणि ते करायला चित्र पुरत नाही, सिद्धांत लागतो.

तो सिद्धांत म्हणजे अपेक्षा सिद्धांत. घरगुती मराठीत ‘अपेक्षा’ला इच्छेचा वास असतो: ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ इथे इच्छा कुठेच नाही. पुढच्या वर्षी कर्ज काढणाऱ्याला दर वाढावा असं मुळीच वाटत नसतं, तरी त्याची ‘अपेक्षा’ दरवाढीची असू शकते. शक्याशक्यता तोलून काढलेला सरासरी अंदाज, एवढाच तिचा अर्थ. संभाव्यतेच्या गणितात ‘अपेक्षित मूल्य’ म्हणतात त्यातला. आणि अंदाज कोणा एका तज्ज्ञाचा नसून बाजारात पैसे लावणाऱ्या सगळ्यांचा मिळून. मनात ‘अंदाज सिद्धांत’ असं वाचलं तरी प्रश्न बिघडत नाही. जाता जाता: आपला तुलनेचा ‘पेक्षा’ हा याच ‘अपेक्षा’तून आलेला, आणि सिद्धांतही मुळात तुलनाच करतो.

तुलना अशी. दोन वर्षांसाठी पैसे गुंतवायचे आहेत. एकतर सरळ दोन वर्षांचा रोखा घ्या, नाहीतर एक वर्षाचा घ्या आणि तो संपला की त्या वेळच्या दराने पुन्हा एक वर्षाचा. शुद्ध अपेक्षा सिद्धांताच्या मते दोन्ही वाटांनी हाती येणारी अपेक्षित रक्कम सारखी असली पाहिजे. एक वाट फायद्याची दिसली तर लोक त्या रोख्यावर तुटून पडतील, त्याची किंमत चढेल, दर खाली येईल आणि फरक मिटेल.

आज एक वर्षाचा दर 6 टक्के आणि दोन वर्षांचा 7 टक्के आहे असं धरा. दोन वर्षांत 1 रुपयाचे 1.07 × 1.07 म्हणजे 1.1449 होतात. पहिल्या वर्षी 1.06 झाले असतील, तर दुसऱ्या वर्षाने 1.1449 ÷ 1.06, म्हणजे 1.0801 पट केलं पाहिजे. पुढच्या वर्षीचा एक वर्षाचा अपेक्षित दर झाला सुमारे 8 टक्के. पर्यायांत ‘7 टक्के’ हटकून ठेवलेला असतो आणि बरेच जण त्यावर खूण करतात. 7 ही 6 आणि 8 ची सरासरी आहे, दुसऱ्या वर्षाचा दर नव्हे. दीर्घ मुदतीचा दर हा आजच्या आणि पुढच्या छोट्या दरांची सरासरी असतो (नेमकं बोलायचं तर भूमितीय, पण पर्याय निवडायला साधी पुरते), हे पक्कं धरलं की निम्मे सापळे टळतात. एवढंच बघा की दिलेले दर मधे व्याज न देणाऱ्या झिरो कूपन रोख्यांचे, म्हणजे स्पॉट दर आहेत. अधूनमधून कूपन, म्हणजे व्याजाचे हप्ते, देणाऱ्या रोख्यांच्या यील्डवर हा भागाकार केला तर उत्तर थोडं चुकतं.

आता खरी मेख. तिसऱ्या वर्षाचा आकडा जोडा: तीन वर्षांचा दर 6.8 टक्के. वक्र 6, 7, 6.8 असा चढून उतरला, म्हणजे कुबडदार झाला. यावर विधान येतं: ‘तिसऱ्या वर्षाचा अपेक्षित दर आजच्या एक वर्षाच्या दराहून कमी आहे.’ वक्र दोन ते तीन वर्षांदरम्यान उतरतोय, त्यामुळे होकार द्यावासा वाटतो. मोजून बघू. तीन वर्षांची बेरीज 3 × 6.8 = 20.4, त्यातली पहिल्या दोन वर्षांची 2 × 7 = 14, उरले 6.4. चक्रवाढीने केलं तरी 6.40 च येतात. एकेका वर्षाचे अपेक्षित दर 6, 8, 6.4 असे आहेत. तिसऱ्या वर्षी दर आठावरून उतरेल, पण आजच्या सहाच्या वरच राहील. विधान चूक.

याचं कारण सरासरीच्या स्वभावात आहे. नवा आकडा आतापर्यंतच्या सरासरीखाली असला की सरासरी उतरते. तो पहिल्या आकड्याखाली असायची गरज नसते. उलट बाजूनेही हेच फसवतं. तीन वर्षांचा दर 6.8 ऐवजी 7.1 धरा. वक्र आता 6, 7, 7.1 असा चढताच आहे, पण तिसऱ्या वर्षाचा अपेक्षित दर 21.3 − 14 = 7.3, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या आठापेक्षा कमी. चढत्या वक्राच्या पोटातही दरकपातीचा अंदाज असू शकतो. म्हणून ‘चढता वक्र म्हणजे छोटे दर दरवर्षी वाढत जाणार’ हे विधान ढिलं आहे. ‘पुढचे छोटे दर सरासरीने आजच्यापेक्षा वर असतील’ हे बरोबर. प्रश्न काढणारे चांगले असले तर नेमका हा फरक धरतात. नसले तर ढिलं विधानच बरोबर उत्तर म्हणून छापतात, आणि तिथे उरलेले तीन पर्याय आणखी वाईट आहेत ना, एवढंच पाहायचं.

अमेरिकेत 2022 च्या जुलैअखेरीस सरकारी रोख्यांचे दर साधारण असे होते: तीन महिन्यांचा 2.4, दोन वर्षांचा 2.9, दहा वर्षांचा 2.7 टक्के. दहा वर्षांचा दर दोन वर्षांच्या खाली गेल्यामुळे ‘वक्र उलटला’ असे मथळे झळकले. पण तीन आकडे ओळीने वाचले की दिसतं ते कुबड. अपेक्षा सिद्धांताने त्याचा अर्थ ‘छोटे दर आधी वाढतील, मग घटतील’ असा लागतो. तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, पुढे 2023 च्या जुलैपर्यंत दर वाढवले आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये पहिली कपात केली. उंची मात्र वक्राला साधली नव्हती: धोरणदराची वरची मर्यादा 5.5 टक्क्यांपर्यंत पोचली, आणि इतकं चढणं त्या आकड्यांत कुठेच नव्हतं. मंदीचा अंदाज लोक उलट्या वक्रावरून बांधतात खरे, पण ती पुढची पायरी. अपेक्षा सिद्धांत दरांवर थांबतो. ‘सिद्धांतानुसार मंदी निश्चित’ असा पर्याय दिसला की तो खोडून टाका.

शेवटी ‘शुद्ध’ या शब्दाबद्दल, कारण प्रश्नात तो शोभेला नसतो. शुद्ध सिद्धांतात लांब मुदतीसाठी वेगळा मोबदला नाही. जॉन हिक्स यांनी 1939 मध्ये मांडलेल्या तरलता पसंतीच्या विचारात तो आहे: पैसे जास्त काळ अडकवणारा अपेक्षित दरांवर थोडं अधिक मागतो. हा अधिमूल्याचा तुकडा जोडला की आकारांचे अर्थ सरकतात. वक्र सपाट आहे, एक वर्षाचा दर 6 आणि दोन वर्षांचाही 6. शुद्ध सिद्धांत म्हणेल, दर आहे तिथेच राहील असा अंदाज. दुसऱ्या वर्षासाठी अर्धा टक्का अधिमूल्य धरलं, तर भागाकारातून निघालेल्या सहातून ते वजा करून अपेक्षित दर 5.5 उरतो, म्हणजे सपाट वक्रातही घटीचा अंदाज. वरच्या 6 आणि 7 च्या उदाहरणात अधिमूल्य पूर्ण 2 टक्के असेल, तर आठातून दोन गेले आणि वाढीची अपेक्षाच उरली नाही. चढता वक्र या सिद्धांताखाली काहीही सांगू शकतो: वाढ, स्थिरता, थोडी घटसुद्धा.

उलट्या वक्राचं मात्र तसं होत नाही. अधिमूल्य दराला नेहमी वरच ढकलतं; ते असूनही लांबचा दर खाली आला असेल, तर अपेक्षित दर त्याहूनही खाली असणार. म्हणून ‘शुद्ध अपेक्षा आणि तरलता पसंती, दोन्हींनुसार छोटे दर घटण्याचा अंदाज दाखवणारा आकार कोणता’ असं विचारलं, तर उत्तर ‘उलटा’. आणि ‘दर बदलणार नाहीत असा अंदाज असताना वक्र कसा दिसेल’ असं विचारलं, तर आधी प्रश्नात सिद्धांताचं नाव शोधा: शुद्ध अपेक्षा असेल तर सपाट, तरलता पसंती असेल तर हलका चढता. नावच दिलेलं नसेल, तर प्रश्न अर्धवट आहे.