सोलरचे पैसे वसूल होतात, पण पावसाळा धरून मोजा

प्रश्न : कोल्हापुरात चार माणसांच्या घराला सोलर वॉटर हीटर परवडतो की गिझर? वर्षाचा खर्च किती आणि पैसे किती वर्षांत वसूल होतात? ट्यूबचा घ्यावा की फ्लॅट प्लेटचा?

स्वतःचे घर, स्वतःची गच्ची आणि रोज आंघोळ करणारी चार माणसे असतील तर सोलर घ्यावा. पैसे वसूल व्हायला साधारण साडेपाच वर्षे लागतात. ‘दोन वर्षांत वसूल’ असे सांगणारा विक्रेता हिशेब चुकीचा मांडतो, आणि याच मुद्द्यावरून माझा आणि आमच्या दाजींचा वाद बरीच वर्षे चालू आहे.

दाजींनी कळंब्याच्या घरावर दोनशे लिटरचा सोलर बसवला, तेव्हा विक्रेत्याने त्यांना कागदावर मांडून दिले होते की दोन किलोवॅटचा गिझर रोज दोन तास चालतो, म्हणजे चार युनिट, बारा रुपयांनी वर्षाला सुमारे साडेसतरा हजार रुपये. गिझरचे बटण दोन तास चालू असले तरी कॉइल तेवढा वेळ जळत नाही, कारण पाणी तापले की थर्मोस्टॅट वीज तोडतो, ही साधी गोष्ट त्या कागदात नव्हती. पाण्यावरून मोजले तर खरा आकडा मिळतो. चार बादल्या आणि स्वयंपाकघरातले थोडे मिळून शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून बेचाळीसवर न्यायचे तर २,२०० किलोकॅलरी लागतात, आणि एका युनिटातून ८६० मिळतात. म्हणजे अडीच युनिटांपेक्षा थोडे जास्त, आणि टाकीतून निघून जाणारी उष्णता धरली तर तीन.

हे तीन युनिटही वर्षभर लागत नाहीत. आमच्या गिझरला मी वेगळा मीटर लावून पाहिले, त्यावरून ऑक्टोबर ते फेब्रुवारी रोज तीन, उन्हाळ्यात दीड आणि पावसाळ्यात अडीच युनिट असा अंदाज बसतो. वर्षाचे साधारण ८८५ युनिट होतात. दर मात्र सरासरी धरू नये, कारण गिझरचे युनिट बिलात शंभरच्या वरच्या टप्प्यात जाऊन बसतात आणि सोलर आल्यावर वाचतात तेही तिथलेच. आमच्या बिलात तो युनिट वहन आकार आणि वीज शुल्क धरून बारा रुपयांच्या आसपास पडतो. गिझरचा वर्षाचा खर्च म्हणजे साडेदहा हजारांच्या थोडा वर.

सोलर यातले किती वाचवतो, हे कोल्हापूरचा पावसाळा ठरवतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गरजेच्या एक तृतीयांश पाणी तापले तरी पुष्कळ झाले, त्यामुळे सुमारे दोनशे युनिट वीज तरीही जळते. तिचे चोवीसशे आणि देखभालीचे सरासरी आठशे धरले तर सोलरचा वार्षिक खर्च बत्तीसशे, म्हणजे बचत सुमारे साडेसात हजार. नळजोडणीसह चाळीस हजार खर्च धरा, आणि वर सांगितलेली साडेपाच वर्षे कुठून आली ते कळेल.

“पाव्हणं, ऊन काय महावितरण देतंय व्हय?” हे दाजींचे ठरलेले उत्तर. पण त्यांच्या जुलैच्या बिलाने वेगळेच सांगितले. त्यांनी पावसाळ्यासाठी सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल बसवून घेतली होती आणि ती दिवसरात्र चालू असे. दोनशे लिटरची अख्खी टाकी एकदा तेवीसवरून साठ अंशांवर नेण्यातच साडेआठ युनिट जातात. शिवाय गच्चीवरची टाकी रात्रभर निवते आणि कॉइल ती तूट पुन्हा भरून काढते. आम्ही त्या दिवसांत पंधरा लिटरच्या गिझरवर जेवढी वीज वापरत होतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट ते जाळत होते. मी तेव्हाच म्हटले होते की कॉइल बंद करा आणि जुना गिझर न्हाणीघरात राहू द्या. त्यांनी गिझर भंगारात दिला, आणि आक्का अजून ते बोलून दाखवते.

त्याच घरात गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत पंधरा मीटर अर्धा इंची नळ आहे. प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी आंघोळ केली की दर वेळी अडीच लिटर गार पाणी आधी सोडून द्यावे लागते, आणि तेवढेच गरम पाणी नंतर नळात निवत पडते. म्हणून टाकी न्हाणीघराच्या वरच येईल अशी जागा निवडा आणि गरम पाण्याच्या नळाला वरून आवरण घाला.

एक सांगायचे राहिले. घरात दोघेच असतील तर बचत निम्मी होते पण खर्च निम्मा होत नाही. शंभर लिटरच्या यंत्रणेला सगळे मिळून तीस हजार लागले तर आठ वर्षे जातात, आणि मग गिझरच बरा. भाड्याच्या घरात तर हा विचारच करू नये. ट्यूब की फ्लॅट प्लेट हे मुख्यतः पाण्यावर ठरते: बोअरचे जड पाणी फ्लॅट प्लेटच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत क्षार धरते, तिथे ट्यूब सोपी पडते. विक्रेत्याला मात्र जून ते सप्टेंबरचे युनिट वेगळे लिहून मागा, आणि तो कागद आमच्या दाजींनाही दाखवता आला तर पाहा.