साडेसहा किलोचं मशीन आणि चार किलोचं ब्लँकेट

प्रश्न: घरच्या वॉशिंग मशीनमध्ये उशा, सॉफ्ट टॉय आणि जाड ब्लँकेट धुता येतात का? ड्रम ओव्हरलोड होऊ नये म्हणून एका वेळी किती घालायचं?

उत्तर:

येतात. फक्त मशीनवर छापलेला किलोचा आकडा ब्लँकेटला लावू नका. याच आकड्यावरून आमच्या घरात वाद झाला, मशीन बिघडलं, आणि सात वर्षं झाली तरी जाऊबाई आपलं म्हणणं सोडायला तयार नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही कोल्हापूरचे. घटस्थापनेआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघालंच पाहिजे. सासूबाई होत्या तोवर वाकळा आणि चादरी घेऊन आम्ही पंचगंगेच्या घाटावर जायचो. पुढे टॉप लोड मशीन आलं, साडेसहा किलोचं. त्या वर्षी मी डबल बेडचं मिंक ब्लँकेट एकटंच घालत होते. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मशीन साडेसहा किलोचं, ब्लँकेट चार किलोचं. दोन बेडशीटं अजून बसत्यात की. पाणी कशाला वाया घालवायचं?" मोठ्या जावेला नाही कसं म्हणायचं? घातली.

पाणी भरत आलं तसं ब्लँकेट टम्म फुगून वर आलं. घड्यांमध्ये हवा अडकली होती. हाताने दाबलं, झाकण लावलं. स्पिन सुरू झाल्यावर धडधड एवढी, की मशीन भिंतीपासून वीतभर पुढे सरकलं. स्क्रीनवर UE आलं, म्हणजे ड्रममधल्या कपड्यांचा तोल बिघडला. मशीनने परत पाणी घेतलं, कपडे हलवून पाहिले, परत स्पिन, परत तेच. मी कपडे सारखे करून तिसऱ्यांदा लावलं आणि टर्रकन फाटल्याचा आवाज आला. ब्लँकेटचा कोपरा ड्रमच्या काठावरून बाहेर जाऊन वरच्या कड्याखाली अडकला होता.

मेकॅनिकने मशीन उघडून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की आतला टब कशावर टेकलेला नसतो. तो चार कोपऱ्यांना चार सस्पेंशन रॉडवर लटकलेला असतो, आणि प्रत्येक रॉडला खाली स्प्रिंग असते. आमचा एक रॉड खोबणीतून निसटला होता आणि टब तिरका झाला होता. त्याने चारही रॉड बदलायला लावले. एकच नवा घातला, तर तीन थकलेले आणि एक ताठ, म्हणजे टब पुन्हा कलणार. ते मला पटलं.

आता जाऊबाईंच्या हिशेबाबद्दल. साडेसहा किलो म्हणजे कोरड्या सुती कपड्यांचं वजन. त्यात शर्ट, टॉवेल, परकर असे वीस-पंचवीस नग येतात आणि फिरता फिरता ते ड्रममध्ये आपोआप चहूबाजूंनी पसरतात. ब्लँकेट हा एकच नग. ते एका बाजूला गोळा झालं की तिथेच बसतं. ते ब्लँकेट मी दुसऱ्या वर्षी हाताने धुतलं, तेव्हा मुद्दाम वजन करून पाहिलं. कोरडं चार किलो. भिजवून, दहा मिनिटं निथळून बादलीत टाकलं आणि बादलीचं वजन वजा केलं, तर तेरा किलो. तेरा किलोचा गोळा ड्रमच्या एका कडेला धरून मिनिटाला कित्येकशे फेरे मारायचे, तर रॉड टिकणार कसा? आणि त्या दिवशी फाटलेलं ब्लँकेट उलगडलं तेव्हा मधली घडी कोरडी होती, तिच्यात पावडरचा पांढरा पट्टा तसाच होता. वजन मावलं, पण पाणी फिरायला जागाच उरली नव्हती. ओव्हरलोडची खरी खूण हीच.

तेव्हापासून मी जागा बघते. कोरडं ब्लँकेट न दाबता आत ठेवायचं. ड्रमच्या पाऊण उंचीच्या वर गेलं तर ते या मशीनचं नाही, सरळ लॉन्ड्रीत द्यायचं. बसलं तर एकटंच धुवायचं. आधी टबात किंवा मोठ्या घमेल्यात भिजवून, दाबून हवा काढते. मग लांब घडी करून ड्रमच्या कडेने गोल वेढा घालते, मधे तळाची चकती मोकळी दिसली पाहिजे. पाण्याची पातळी सगळ्यात वरची, पावडरऐवजी लिक्विड, आणि एक रिन्स जास्त. पाणी भरल्यावर झाकण उघडून बघते. कुठे फुगलं असेल तर परत दाबायचं, म्हणजे ते पाण्याखाली राहतं. स्पिन कमीत कमी वेळाचा. धडधड सुरू झाली तर तिथेच थांबवते, वेढा पुन्हा सारखा करते आणि मगच पुढे. मशीन आपलं आपण सावरेल म्हणून वाट बघत बसायचं नाही. ब्लँकेटसाठी जाळीची मोठी पिशवी मिळते, ती घेतली तर वर तरंगायचा धोका बराच कमी होतो.

उशांचं उलट आहे. एक उशी कधीच घालू नका, दोन घाला, समोरासमोर उभ्या, म्हणजे तोल राहतो. पण त्या फायबरच्या असतील तरच. कापसाची किंवा सावरीची उशी मशीनमध्ये घातली की गाठी होतात. ती उसवून कापूस पिंजून घ्यायचा आणि खोळ तेवढी धुवायची. फोमची उशी तर मुळीच नको, ती पाणी धरून बसते आणि स्पिनमध्ये फाटते. फायबरची उशीसुद्धा आतून वाळायला दोन-तीन दिवसांचं ऊन लागतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात धुतली तर आतून कुबट वास येणारच.

सॉफ्ट टॉय जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधायचं आणि थंड पाण्यात हलक्या वॉशला लावायचं. आत बॅटरी किंवा थर्माकोलचे मणी असतील तर नाही. ड्रम अर्ध्यावर भरेल इतकीच घालावीत, सोबत दोन टॉवेल टाकले तर ती तरंगत राहत नाहीत.

हे सगळं टॉप लोडचं सांगितलं, कारण माझ्याकडे तेच आहे. फ्रंट लोडमध्ये ब्लँकेटच्या वर पंजा आडवा जाईल एवढी जागा सोडा. तुमच्या मशीनच्या पुस्तकात ब्लँकेटच्या प्रोग्रामला वेगळा, कमी आकडा दिलेला असतो, तो पाहा. लहान मुलांच्या गादीवरची वॉटरप्रूफ शीट आणि रेनकोट स्पिनला लावू नका, त्यात पाणी कोंडतं आणि मशीन भयंकर हादरतं. घोंगडं तर मशीनला दाखवूच नका.

जाऊबाईंचं म्हणणं, मशीनचे पाय सारखे नव्हते म्हणून ते हादरलं. ते अगदीच चूक नाही. नंतर मी वर पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली, तर उजवीकडे थोडा कल होता, आणि तो मी पाय फिरवून काढला. पण कल काढल्यानंतरच्या वर्षी त्यांनीच माझ्या गैरहजेरीत तेच ब्लँकेट दोन बेडशीटांसकट लावलं. UE आलं. मशीन बंद करून, बेडशीटं बाहेर काढून त्यांनी ब्लँकेट एकटं फिरवलं, हे मला माझ्या मुलीने सांगितलं.