सरेंडर करू की चालू ठेवू? एका पिशवीतल्या दोन पॉलिसी

“मॅडम, माझ्या दोन एन्डोमेंट पॉलिसी आहेत. एक २०१४ची, बायकोच्या मामांनी काढून दिलेली. दुसरी २०२२ची. आता सगळे म्हणतात, विमा आणि बचत एकत्र करणं हाच मूर्खपणा, मोडून टाक. पण मोडायला गेलो तर भरलेलेही पैसे परत मिळत नाहीत. सरेंडर करू की शेवटपर्यंत रेटू? घरात रोज यावरून वाद होतो.”

ऑक्टोबर २०२५मध्ये हे जोडपं माझ्याकडे आलं. यजमान सातपूरच्या एका कंपनीत, वय ४१. पत्नीच्या मांडीवर साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात दोन्ही पॉलिसी बाँड. जुन्या बाँडच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी पेनाने हिशेब केला होता: भरलेले २,६९,५००, बोनस २,३१,०००, एकूण ५,००,५००. त्याखाली दोन रेघा. शाखेने मात्र सरेंडरचा आकडा २,४६,००० सांगितला आणि तिथून घरातला वाद पेटला.

ही गफलत मी दर महिन्याला बघते. बोनस ‘जमा झाला’ असं पत्र येतं, म्हणून माणूस तो खिशात धरतो. पण तो मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतर मिळायचा असतो. दहा वर्षांनी मिळणारे पैसे आज मागितले तर पूर्ण मिळत नाहीत. सरेंडर करताना कंपनी आधी पेड-अप मूल्य काढते, त्यात जमा बोनस मिळवते आणि त्या बेरजेला एका गुणकाने गुणते. मुदत संपायला जितकी जास्त वर्षं बाकी, तितका गुणक लहान. त्यांच्या बाबतीत तो साधारण निम्मा निघाला.

पेड-अप हा शब्द त्या दोघांनी ऐकलाच नव्हता. मोडायची किंवा रेटायची, एवढेच दोन रस्ते त्यांना ठाऊक होते. तिसरा रस्ता असा, की हप्ता थांबवायचा पण पॉलिसी मोडायची नाही. विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते, आतापर्यंतचा बोनस तसाच राहतो, नवा लागत नाही आणि मुदत संपली की पैसे मिळतात. त्यासाठी त्यांच्या पॉलिसींच्या अटींप्रमाणे किमान दोन किंवा तीन वर्षांचे हप्ते भरलेले लागत होते.

मी त्यांना आधी शाखेत परत पाठवलं. दोन्ही पॉलिसींचा आजचा सरेंडर आकडा, पेड-अप मूल्य, जमा बोनस आणि शेवटचा जाहीर बोनस दर लेखी आणायला सांगितलं. तोंडी आकड्यावर मी हिशेब करत नाही. खिडकीतल्या माणसाने आधी फॉर्मच्या मागे पेन्सिलीने दोन आकडे लिहून दिले. त्यांनी पुन्हा रांग लावून शिक्क्याचं पत्र मागून आणलं, याचं मला कौतुक वाटलं.

आधी जुनी पॉलिसी. विमा रक्कम ५ लाख, मुदत २१ वर्षं, वर्षाचा हप्ता २४,५००, अकरा हप्ते भरलेले, दहा बाकी. बोनस विमा रकमेच्या हजारी ४२, म्हणजे वर्षाला २१,०००. हाच दर राहिला तर २०३५ला हातात ९,४१,००० येतील. पहिल्या दिवसापासून धरलं तर हा परतावा जेमतेम ५.२ टक्के पडतो. यजमानांनी लगेच पत्नीकडे बघितलं, बघ, मी म्हणत होतो ना!

पण हा आकडा २०१४मध्ये बघायचा होता. त्यातला तोटा होऊन गेला, आज मोडल्याने तो भरून येत नाही, उलट पक्का होतो. आज प्रश्न एवढाच, की आत अडकलेले २,४६,००० आणि यापुढचे दहा हप्ते यांना इथून पुढे किती व्याज पडतं? मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये ही ओळ टाकली की कळतं:

```
=RATE(10,-24500,-246000,941000,1)
```

दहा वर्षं, दर वर्षाचा हप्ता, आज सोडून दिलेली सरेंडर रक्कम, शेवटी मिळणारी रक्कम. शेवटचा १ म्हणजे हप्ता वर्षाच्या सुरुवातीला. उत्तर आलं ८.४ टक्के. वार्षिक हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांच्या आत असल्याने तेही करमुक्त. तेच पैसे पीपीएफच्या तेव्हाच्या ७.१ टक्क्यांनी वाढले असते तर साडेआठ लाख झाले असते. यजमान थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे मामा बरोबर होते?” मी म्हटलं, मामांनी तेव्हा विकलं ते महागच होतं. पण महागाची किंमत तुम्ही मोजून झालात, आता स्वस्त भाग उरलाय.

बोनसची हमी नसते, हे मी सांगितलंच. म्हणून पत्नीने विचारलं, दर पडला तर? मी हजारी ४२चा ३२ करून दाखवला. पन्नास हजार कमी होऊन ८,९१,००० उरले, तरी पीपीएफच्या वरच. जाहीर होऊन जमा झालेला बोनस कंपनी परत घेत नाही, खालीवर होतो तो पुढचा.

आता २०२२ची. ऑफिसात कर बचतीचे पुरावे मागतात त्या डिसेंबरमध्ये घाईत घेतलेली. विमा रक्कम ७ लाख, मुदत २० वर्षं, हप्ता ३६,०००, तीन भरलेले, सतरा बाकी. १,०८,००० गेले होते आणि सरेंडरला मिळत होते ४६,०००. बोनस हजारी ३८ धरला तर २०४२ला १२,३२,००० मिळणार. वरची रीत लावली तर पुढचा परतावा सव्वासहा टक्के. पीपीएफपेक्षा कमी. “मग ही मोडायची,” यजमान म्हणाले.

इथे मी त्यांना थांबवलं. आत अडकलेला पैसा आणि पुढचा हप्ता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र सोडवले की घोळ होतो. पेड-अप मूल्य होतं १,०५,००० आणि बोनस ७९,८००. म्हणजे एक रुपयाही न भरता ही पॉलिसी २०४२ला १,८४,८०० देणार. आजचे ४६,००० सतरा वर्षांत तेवढे होणं म्हणजे साडेआठ टक्के. तेच ४६,००० काढून पीपीएफमध्ये ठेवले तर १,४८,०००सुद्धा होत नाहीत. उरला पुढचा हप्ता. सतरा वेळा ३६,००० भरून पेड-अपपेक्षा जे जास्त मिळतं, त्यावर फक्त ५.७ टक्के पडतात. म्हणजे आतला पैसा हलवायचा नाही, नवा घालायचा नाही. जुन्या पॉलिसीत उलट होतं. तिच्या पुढच्या हप्त्यांवर पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास पडत होते, कारण मुदत जवळ आलेली.

अर्थात, कर्जाचे हप्ते थकलेत, दवाखान्याचं बिल आहे, क्रेडिट कार्डाचं व्याज चढतंय, अशा घरात हे टक्के बघत बसायचं नसतं. तिथे ४६,००० आज हवेत. जुन्या पॉलिसीवर मात्र अशा वेळी सरेंडरऐवजी कर्ज मिळतं का, हे आधी विचारावं. या घरात तशी नड नव्हती.

पण एक भगदाड होतं. दोन्ही पॉलिसी आणि बोनस धरून, उद्या काही झालं तर पत्नीच्या हाती पंधरा लाख आले असते. घराचं कर्जच बावीस लाख बाकी. मुलगी सहावीत. ते परताव्यावरून भांडत होते आणि विम्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पत्नीने हे ऐकून पिशवीची गाठ पुन्हा बांधली आणि विचारलं, “मग आधी काय?”

आधी टर्म पॉलिसी, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा. आणि ती हातात येईपर्यंत दुसऱ्या पॉलिसीचा हप्ता बंद करायचा नाही. हा क्रम मी अडून बसून पाळायला लावते. हप्ता थांबला की विमा रक्कम सात लाखांवरून एक लाख पाच हजारांवर येते, जोडलेला अपघात रायडरही संपतो. मधल्या काळात नवी कंपनी नकार देऊ शकते. ते म्हणाले, “मला काय झालंय नकार द्यायला?” वैद्यकीय तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर ६.९ आली. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. तरी बरं, कंपनीने हप्ता वाढवला पण पॉलिसी दिली: ७५ लाख, साठाव्या वर्षापर्यंत, वर्षाला २९,०००. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून उठलेला, त्यामुळे वर काही नाही. अर्जात बारावीपासून अधूनमधून ओढलेल्या सिगारेटचं खरं लिहायला मी सांगितलं होतं. हप्ता वाढायला तेही एक कारण.

या धावपळीत डिसेंबरचा हप्ता आला. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते आणि टर्मची पॉलिसी त्या तीस दिवसांतच हातात पडली, म्हणून तो हप्ता भरावा लागला नाही. नाहीतर मी आणखी ३६,००० भरायला सांगितले असते आणि त्यांनी माझ्यावर डोळे वटारले असते. वाचलेल्या ३६,०००मधून टर्मचे २९,००० जातात, उरलेले सात मुलीच्या नावच्या खात्यात. पेड-अपसाठी वेगळा अर्ज करावा लागला नाही, हप्ता थांबला की ती आपोआप होते. तरी सवलतीचे दिवस संपल्यावर पेड-अप रकमेचं पत्र लेखी मागून घ्यायला लावलं. ‘आपली पॉलिसी बंद पडत आहे’ असे मेसेज येत राहतील, त्याला घाबरून पैसे भरू नका, हेही सांगून ठेवलं.

फेब्रुवारीत पत्नीचा फोन आला. मेसेज येत होतेच, पण त्याआधी मामांना कुणीतरी सांगितलं होतं, की भाचीने पॉलिसी बंद केली. मामा तडक घरी आले. तिने चहा ठेवला आणि दोन्ही बाँड त्यांच्यापुढे मांडले. मामांनी चष्मा लावून नव्या बाँडवरचा एजंटचा कोड वाचला, मग जुन्यावरचा. म्हणाले, “हां, ही माझी नाही. माझी चालू आहे ना? मग ठीक आहे,” आणि दुसरी बशी मागितली.