दादाच्या खात्यातून अजून पैसे कटतायत, काय काय बंद करायचं?

प्रश्न: वकीलसाहेब, माझा मोठा दादा जुलैमध्ये गेला, वय 47. मिरजेच्या हॉस्पिटलात होता. आम्ही कोल्हापुरात. त्याच्या खात्यातून अजून जिम, मोबाईल बिल, गाडीचा हप्ता, सिनेमाच्या ॲपचे पैसे कटतायत. मे महिन्यात 436 रुपये कशाचे गेले तेही कळत नाही. वहिनी नॉमिनी आहे. जिमवाले वारस दाखला मागतात. कुठून सुरू करू?

उत्तर: पासबुक भरून आणा, आणि निदान मागच्या 13 महिन्यांच्या नोंदी बघा, कारण काही पैसे वर्षातून एकदाच कटतात आणि तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ते दिसतच नाहीत. प्रत्येक नोंद कशाची ते कळल्याशिवाय एकही बंद करू नका.

हे एवढ्यासाठी सांगतोय की ते 436 रुपये बहुतेक प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे आहेत. हप्ता तेवढाच आहे, मेअखेर कटतो आणि कव्हर 1 जून ते 31 मे असतं. त्यात 55 वर्षांपर्यंत कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी नॉमिनीला 2 लाख मिळतात. दादा पहिल्यांदाच त्यात आला असेल आणि महिन्याच्या आत गेला असेल तर मात्र अडचण येते, कारण नवीन माणसाला पहिले 30 दिवस फक्त अपघाताचं कव्हर असतं. क्लेमचा फॉर्म त्याच बँकेच्या शाखेत मिळतो, वहिनींना लगेच पाठवा. लोक अशी बारकी कपात बघून "हे पण बंद करा हो" म्हणतात आणि 2 लाखावर पाणी सोडतात. 20 रुपयांची नोंद दिसली तर तो अपघात विमा, तो आजारपणात मिळत नाही.

गाडीचा हप्ताही आंधळेपणानं तोडायचा नाही. आधी फायनान्स कंपनीला विचारा की कर्जासोबत विमा घेतला होता का, असेल तर उरलेलं कर्ज त्यातून फिटू शकतं. नसेल आणि गाडी ठेवायची असेल तर वहिनींच्या खात्यातून हप्ता लावून घ्या. ठेवायची नसेल तरी घाबरू नका, दादानं मागं जे ठेवलंय त्यातून वारसांच्या वाट्याला जेवढं आलं तेवढ्यापुरतीच जबाबदारी, तुमच्या किंवा वहिनींच्या पगारातून वसुली होत नाही. फोनवर कुणी दमदाटी केली तर हेच ऐकवा, आणि वहिनी जामीनदार किंवा सहकर्जदार नाहीत ना तेवढं कागदावर बघून घ्या.

एवढं झालं की बँकेला लेखी कळवा. अर्जात खाते नंबर, मृत्यूची तारीख आणि "सर्व ऑटो डेबिट, नॅच मँडेट, यूपीआय ऑटोपे आणि कार्ड थांबवावे" एवढं लिहा, मृत्यू दाखल्याची झेरॉक्स लावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. हा शिक्का महत्त्वाचा, कारण त्यानंतर पैसे कटले तर उत्तर बँकेनं द्यायचंय. धावपळ तुम्ही करा पण सही वहिनींची असू दे, दादाचे वारस वहिनी, मुलं आणि आई आहेत, तुम्ही नाही. आईसुद्धा बरोबरीची वारस हे बरेच जण विसरतात. म्हणून पिन माहीत आहे म्हणून एटीएमनं किंवा दादाच्या फोनवरून पैसे काढू नका, नॉमिनी हा वारसांच्या वतीनं पैसे घेणारा असतो, मालक नाही, उद्या घरात वाद झाला तर तीच एन्ट्री पुढं येते.

मृत्यू मिरजेत झालाय म्हणजे दाखला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतून मिळणार, कोल्हापूर महापालिकेत शोधू नका. तीन-चार प्रती काढा आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का ते तिथंच बघा, एका अक्षरासाठी बँक परत पाठवते.

कंपन्यांना साधारण मृत्यू दाखला, दादाचं ओळखपत्र, वहिनींचं आधार, नात्याचा पुरावा म्हणून रेशन कार्ड किंवा विवाह प्रमाणपत्र आणि मेंबरशिप नंबर लागतो. झेरॉक्सवर वहिनींनी सही करून द्यायची, ओरिजिनल फक्त दाखवायचं, हातातून सोडायचं नाही. जिमवाल्याला वारस दाखला कशाला पाहिजे? तो लागतो पैसे घ्यायचे असतील आणि नॉमिनी नसेल तेव्हा. सबस्क्रिप्शन बंद करायला मृत्यू दाखला पुरतो. तसं ईमेलवर लिहा, मृत्यूनंतर कापलेले पैसेही परत मागा, नाही ऐकलं तर 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाका.

बँकेनं पैसे रोखले म्हणून करार संपला असं होत नाही बरं का, मोबाईल कंपनी बिल काढतच राहते. ॲपही फोनमधून उडवलं म्हणजे सबस्क्रिप्शन गेलं असं नाही, त्यांनाही कळवावंच लागतं. पण सिमकार्ड शेवटी बंद करा. कार्ड आणि यूपीआयच्या ऑटोपेमध्ये पैसे कटायच्या 24 तास आधी मेसेज येतो, त्यात कंपनीचं नाव आणि रक्कम असते, पासबुकातून सुटलेलं एखादं त्यातूनच सापडतं. बँकेनं तक्रारीवर 30 दिवसांत काही केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तिथं तो शिक्का असलेला अर्ज जोडा.