अल्ट्रा व्हायरीज : अधिकाराबाहेर नव्हे, वकुबाबाहेर

प्रश्न : आमच्या टॉवेल कंपनीच्या बैठकीत एका संचालकानं कोणाला न विचारता कर्ज काढल्याचा विषय निघाला. सगळे म्हणत होते, ‘हे अल्ट्रा व्हायरस आहे.’ मराठीत याला बेकायदेशीर म्हणायचं की अधिकारबाह्य? आणि मेमोरँडम ऑफ असोसिएशनला चांगला मराठी शब्द कोणता? – एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

आधी तो व्हायरस बैठकीतून बाहेर काढा. सोसायटीच्या सभेत, कारखान्यात, बार असोसिएशनच्या चहात, जिथं जावं तिथं हा व्हायरस कानावर येतो. लॅटिनमध्ये ‘व्हायरस’ म्हणजे विष, आणि आपला ‘विष’ हा शब्द त्याचा सख्खा भाऊ. तुमच्या बैठकीत विष कोणी कालवलं नव्हतं. मूळ शब्द ‘व्हायरीज’. ‘विस’ म्हणजे बळ, त्याचं हे अनेकवचन. त्याचं संस्कृतातलं नातं ‘वयस्’शी सांगतात, आणि वयस् म्हणजे आधी जोम, मग वर्षांची मोजणी. ‘मुलगा वयात आला’ म्हणताना आपण वर्षं मोजत नाही, तो जोमच सांगत असतो. ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे. म्हणजे कंपनीच्या बळापलीकडचं काम, एवढं पुरे.

आता ‘बेकायदेशीर’. हा पर्याय फुलीच मारण्यासारखा. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८७५ साली ज्या खटल्यात हे तत्त्व पक्कं केलं, त्यातच लॉर्ड केर्न्स यांनी बजावलं होतं, की प्रश्न करार बेकायदा आहे का हा नाही, तो करायची कुवत कंपनीला होती का हा आहे. कंपनीचं नाव अ‍ॅशबरी रेल्वे कॅरेज. तिच्या घटनापत्रकात, म्हणजे मेमोरँडममध्ये, रेल्वेचे डबे आणि साहित्य बनवणं, विकणं, भाड्यानं देणं आणि यांत्रिकी अभियंते व सर्वसाधारण कंत्राटदार म्हणून काम करणं एवढं लिहिलेलं. संचालकांनी बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्यासाठी पैसा पुरवायचा करार केला. रेल्वेमार्ग बांधणं हा काही गुन्हा नाही. पण डबे बनवणारी कंपनी मार्ग बांधायला जन्मलेली नव्हती. ‘सर्वसाधारण कंत्राटदार’ हे शब्दही न्यायालयानं यांत्रिकी कामापुरतेच वाचले. करार शून्य, आणि सगळ्या भागधारकांनी एकमुखानं हात वर केले असते तरी तो जिवंत झाला नसता.

हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण ‘अधिकारबाह्य’वर माझा राग त्यामुळेच आहे. पाठ्यपुस्तकवाल्यांनी आणि कायद्याचे शब्द पाडणाऱ्या पंडितांनी हा शब्द इतका रूढ केला, की आता तो उपटणं कठीण. पण अधिकार ही दुसऱ्यानं द्यायची वस्तू आहे. साहेब कारकुनाला अधिकार देतो, आणि आधी दिला नसेल तर मागाहून सही करून देतो. मराठी माणसानं ‘अधिकारबाह्य’ ऐकलं, की त्याच्या मनात लगेच येतं, ‘मग सभेत ठराव करून अधिकार देऊन टाका.’ नेमकं हेच अल्ट्रा व्हायरीजमध्ये करता येत नाही. ‘शक्तिबाह्य’ म्हणणाऱ्यांचा अर्थ जवळचा, पण तो शब्द ऐकून व्यायामशाळा आठवते.

माझा शब्द आहे वकूब. ‘आपला वकूब ओळखून वागावं’ हे सोलापुरात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. आता याची जन्मकथा ऐका, ती खरी गंमत. अरबी ‘वुकूफ’ म्हणजे थांबणं, ठाव लागणं, जाण असणं. ते फारसीतून आपल्याकडे आलं आणि फ चा ब होऊन वकूब झालं. ज्याच्याकडे वुकूफ नाही तो ‘बेवकूफ’. म्हणजे बेवकूफ ही मुळात शिवी नाही, जाण नसल्याची नोंद आहे. ठरावीक कामासाठी थांबवून ठेवलेली मालमत्ता ती ‘वक्फ’, तिचीही धातू तीच.

आणि आता सातबारा काढा. एखाद्या खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असतं. अज्ञान पालनकर्ता. अठरा वर्षांखालच्याला मराठी कायदा ‘अज्ञान’ म्हणतो. अज्ञान आणि बेवकूफ, घडण एकच : जाण नाही म्हणून वकूब नाही. अज्ञानानं केलेला करार आपल्याकडे १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासून शून्य मानला जातो, आणि तो सज्ञान झाल्यावर त्याला ‘मंजूर’ म्हणू शकत नाही. कंपनीचंही तंतोतंत हेच. माझं म्हणणं असं, की ज्यांनी सातबारावर ‘अज्ञान’ लिहिलं त्यांना हे तत्त्व पाठ्यपुस्तकवाल्यांपेक्षा जास्त कळलं होतं. हा माझा तर्क आहे, पटत नसेल तर खुशाल ‘अधिकारबाह्य’ लिहीत बसा. इंग्लंडच्या २००६ च्या कायद्यानं हे तत्त्व बाहेरच्या माणसापुरतं जवळजवळ निकाली काढलं, पण काढतानाही शब्द वापरला तो ‘क्षमतेचा अभाव’, अधिकाराचा नाही. भारतात ते अजून जिवंत आहे.

‘अधिकारबाह्य’ला त्याची जागा आहे, आणि ती जागा सोलापुरातच सापडते. जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, १९४९ मध्ये बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० मध्ये एका भागधारकाचा अर्ज फेटाळला गेला, पण १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात तोच वटहुकूम आणि त्यामागचा कायदा घटनेविरुद्ध ठरला. तिथं वाद होता सरकारला संविधानानं किती अधिकार दिला याचा. तिथं ‘अधिकारबाह्य’ म्हणा, मी टाळी देईन. गिरणीनं सूत काढावं की साखर, हा तिथला मुद्दाच नव्हता.

कंपनीचा वकूब ठरतो तो तिच्या उद्दिष्ट-कलमानं, म्हणजे घटनापत्रकात तिची कामं सांगणाऱ्या कलमानं. समजा, तुमच्या कंपनीच्या घटनापत्रकात ‘चादरी व टॉवेल विणणं, रंगवणं, विकणं आणि त्यास पूरक कामं’ असं आहे. संचालकांनी सांगोल्याकडच्या डाळिंबांसाठी शीतगृह उभारायचं ठरवलं आणि पत्रशीर्षावर ‘डाळिंब शीतगृह विभाग’ छापून भिंतीच्या पॅनेलची मागणी पाठवली. पॅनेलवाल्यानं माल दिला, पुढं कंपनी बुडाली. तो पैसे मागायला आला तर त्याला विचारलं जाईल, घटनापत्रक सार्वजनिक दप्तर आहे, ते तू वाचलंस असं कायदा धरून चालतो, मग दिलंस का? टॉवेल सुकवायच्या यंत्रासाठी घेतलेलं कर्ज ‘पूरक’मध्ये बसतं. डाळिंब बसत नाही.

हे हवेतलं नाही. लंडनच्या जॉन ब्यूफोर्ट कंपनीच्या १९५३ च्या खटल्यात हेच झालं. घटनापत्रकात शिवणकाम आणि कापड, प्रत्यक्षात धंदा पातळ लाकडी पापुद्रा चढवलेल्या पॅनेलचा. कोळशाच्या जातीचा कोक पुरवणाऱ्यानं म्हणावं, कोक कशालाही लागतो, कपडे शिवणाऱ्याच्या बॉयलरलाही लागला असता, मला काय माहीत? पण त्याच्याकडे आलेली मागणी ज्या कागदावर होती त्यावर ‘पॅनेल उत्पादक’ छापलेलं होतं. तेवढ्या छापील ओळीमुळे त्याचे पैसे बुडाले.

आपल्याकडे युनायटेड इंडिया लाइफ इन्शुरन्सनं १९५५ मध्ये एका नियोजित न्यासाला दोन लाख रुपये देणगी द्यायचा ठराव भागधारकांच्या सभेत केला. पुढं विमा राष्ट्रीयीकृत झाला आणि आयुर्विमा महामंडळानं ते पैसे परत मागितले. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ही देणगी कंपनीच्या उद्दिष्टांना धरून नव्हती. सभेचा ठराव होता, हे काही उपयोगी पडलं नाही, आणि रक्कम परत करायची जबाबदारी माणसांच्या खिशावर आली.

तुमच्या संचालकाचं कर्ज मात्र वेगळं. टॉवेल विणणाऱ्या कंपनीला धंद्यासाठी कर्ज काढायचा वकूब असतोच. त्यानं मोडली असेल ती नियमावली, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन. समजा, नियमावली म्हणते, पन्नास लाखांवर कर्ज काढायचं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी, आणि त्यानं एकट्यानं ऐंशीवर सही केली. इथं ‘अधिकाराबाहेर’ हाच शब्द बरोबर, कारण सभा नंतर ठराव करून त्याची सही आपली म्हणू शकते. बँकेनं हे सगळं घरात व्यवस्थित झालं असेल असं धरून पैसे दिले असतील, तर १८५६ च्या टर्क्वाँड खटल्यापासून तिला संरक्षण आहे, मात्र तिला गडबडीचा सुगावा असता कामा नये. नियम जाचत असेल तर नियमावलीही विशेष ठरावानं बदलता येते.

उद्दिष्टंही बदलता येतात, पण वेळेत. २०१३ च्या कायद्याच्या कलम १३ खाली विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट. ठराव झाल्यापासून तीस दिवसांत एमजीटी-१४ हा अर्ज पुण्याच्या कंपनी निबंधकाकडे जातो. त्यांनी नोंद करेपर्यंत बदल अंमलात येत नाही. म्हणून घाई करणारे ठराव झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पॅनेल मागवतात तेव्हा ते वकुबाबाहेरच असतात. उद्दिष्ट-बदल पुढच्यासाठी, मागच्या शून्याला तो हात लावत नाही.

घटनापत्रकाचं तुम्ही विचारलं होतं, तर तोच शब्द वापरा. ‘संस्थापन समयलेख’ असंही लिहितात, पण ‘समयलेख’ ऐकून कोणाला वेळापत्रक वाटेल, कोणाला पंचांग. कंपनीच्या जन्माच्या वेळी भरायच्या संगणकी अर्जात तर घटनापत्रक आणि नियमावली हे दोन्ही कागद इंग्रजी नावांनीच येतात. मेमोरँडम म्हटलंत तरी चालेल, मात्र त्यातलं उद्दिष्ट-कलम वाचून बैठकीला जा.