प्रवेशाचा सीन करताना: प्रत्येक कंसाची जागा

प्रिय,
सस्नेह नमस्कार.

तू पाठवलेला नाटकाचा प्रवेश वाचला. तो पटकथेच्या पानावर आणायचा तर संवाद मधोमध सरकवून भागणार नाही. आधी एकेक कंस तपासावा लागेल. नाटकाच्या संहितेत जागा, वेळ, हालचाल आणि आवाजाचा पोत हे सगळं एकाच कंसात खपून जातं. पटकथेत त्यातल्या प्रत्येक गोष्टीची जागा वेगळी असते. तुझ्या सुरुवातीच्या तीन ओळी घेऊ:

```
(स्वयंपाकघर. संध्याकाळ. आई तांदूळ निवडते आहे.)
सुधीर : (आतून) आई, कोण आलंय गं?
आई : (पत्र पदराखाली लपवत, हळू आवाजात) कुणी नाही.
```

स्वयंपाकघर आणि संध्याकाळ सीनच्या मथळ्यात जातील. तांदूळ निवडणं वर्णनात. ‘आतून’ म्हणजे सुधीर घरातच आहे पण चौकटीत दिसत नाही, म्हणून त्याच्या नावापुढे O.S. येईल. निवेदनाचा किंवा फोनच्या पलीकडचा आवाज असता, तर V.O. लिहिलं असतं.

खरा प्रश्न पत्राचा आहे. रंगमंचावर आई बोलता बोलता ते लपवते आणि प्रेक्षकाला सगळं एकदम दिसतं. पटकथेत ही कृती संवादाच्या कंसात राहिली, तर वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरते. तिला वर्णनाची स्वतंत्र ओळ दे आणि ती संवादाच्या आधी ठेव. मग ‘हळू आवाजात’ची गरज उरत नाही, कारण पत्र लपवणारी बाई कशी बोलेल ते नटीला कळतं. कंस फक्त तिथेच ठेव, जिथे शब्दांचा अर्थ त्यावाचून उलटा लागेल.

लिहायला फाउंटन ही पद्धत सोयीची आहे. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं, पानाची मांडणी सॉफ्टवेअर करतं. मथळ्यातलं INT. म्हणजे आतली जागा, EXT. म्हणजे बाहेरची. वरचा तुकडा असा होईल:

```
INT. स्वयंपाकघर - संध्याकाळ

आई तांदूळ निवडते आहे. शेजारी उघडं पत्र.

@सुधीर (O.S.)
आई, कोण आलंय गं?

आई पत्र पदराखाली सारते.

@आई
कुणी नाही.
```

नावाआधीचं `@` विसरू नकोस. संपूर्ण कॅपिटल अक्षरांतल्या ओळीवरून फाउंटन पात्राचं नाव ओळखतं, आणि देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. `@` राहून गेलं तर नाव आणि संवाद दोन्ही वर्णन म्हणून डाव्या समासाला चिकटू शकतात. पीडीएफ काढल्यावर हे लगेच दिसतं. नावाच्या वर एक रिकामी ओळ हवी, नाव आणि संवाद यांच्यामध्ये मात्र नको. नावही शेवटपर्यंत एकच ठेव. कुठे ‘आई’, कुठे ‘शांताबाई’ लिहिलंस, तर पात्रांच्या यादीत दोन माणसं दिसतील.

वर्ड वापरायचं असेल तर स्पेसबारने जागा सोडू नकोस. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे फॉन्ट बदलला की सगळं तिरकं होतं. पात्र, संवाद आणि वर्णन यांसाठी वेगवेगळ्या पॅराग्राफ स्टाइल बनव. कागदाच्या डाव्या कडेपासून वर्णन दीड इंचावर, संवाद अडीच इंचावर आणि नाव साधारण 3.7 इंचांवर सुरू होतं. संवादाची रुंदी साडेतीन इंचांच्या आसपास ठेव. नावाच्या स्टाइलला ‘पुढच्या परिच्छेदासोबत ठेवा’ ही सेटिंग लाव, नाहीतर नाव एका पानाच्या तळाशी आणि संवाद दुसऱ्या पानाच्या माथ्यावर जाईल.

प्रवेशाच्या शेवटी सुधीर बोलत बोलत अंगणात जातो. नाटकात तो विंगेत गेला की झालं, इथे कॅमेरा कुणापाशी राहतो ते तुला ठरवावं लागेल. आईपाशी राहिला तर नवा मथळा नको. सुधीर बाहेर जातो एवढं लिही आणि त्याची पुढची वाक्यं O.S. कर. त्याच्यामागे बाहेर गेला तर `EXT. अंगण - संध्याकाळ` असा नवा सीन सुरू होतो, आणि आईचं उत्तर तिथे O.S. ठरतं. माझ्या मते आईपाशी राहावं, कारण पत्र तिच्याजवळ आहे.

लांबी मात्र पानं मोजून ठरवू नकोस. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा अंदाज कुरिअर फॉन्टच्या 12 पॉइंटमधल्या पानावर बेतलेला आहे. त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, आणि मात्रा-वेलांट्यांमुळे आपल्या ओळी जास्त उंची घेतात, म्हणून पानावर त्या कमी मावतात. सीन मोठ्याने वाच, न बोलता घडणाऱ्या कृतींनाही त्यांचा वेळ दे आणि घड्याळ लावून आलेली मिनिटं वेगळ्या यादीत सीनसमोर लिहून ठेव.

सस्नेह